पुरवठादाराची दरवाढ आली आहे. ईमेलवर दर कमी करून किंवा मुदत वाढवून कशी मागावी?

अबोली

आमचं छोटं उत्पादन आहे. माल पाठवायला पन्हळी कागदाची पाच पदरी खोकी लागतात आणि ती बरीच वर्षं एकाच पुरवठादाराकडून घेतो. माणूस चांगला आहे, माल वेळेवर येतो. काल त्यांचं पत्र आलं: पुढच्या 1 तारखेपासून सगळ्या मापांवर 9 टक्के दरवाढ, कारण कागद महागला.

मला दर कमी करून हवा आहे. ते जमत नसेल तर पैसे द्यायची मुदत तरी 30 दिवसांवरून वाढवून हवी आहे. बोलणं ईमेलवरच करायचं आहे, कारण त्यांच्याकडे निर्णय दोघे-तिघे मिळून घेतात आणि तोंडी बोललेलं मागे पडतं. संबंध बिघडवायचे नाहीत. हा माझा कच्चा मसुदा, अजून पाठवलेला नाही:

> आपले दरवाढीचे पत्र मिळाले. 9 टक्के वाढ आम्हाला अजिबात परवडणारी नाही. बाजारात याहून कमी दरात खोकी मिळत आहेत. कृपया जुनाच दर कायम ठेवावा, तसेच पेमेंटची मुदत 30 वरून 60 दिवस करावी. सहकार्याची अपेक्षा. कृपया आजच कळवावे.

यात 'कृपया' दोनदा आहे, तरी वाचताना कठोर वाटतं. काय बदलू?

रोखठोक

मसुदा मऊच आहे उलट. सरळ दुसऱ्याकडून कोटेशन मागवा, ते मेलला जोडा आणि 'या दराला जमतं का' एवढंच विचारा. दहातले नऊ जण खाली येतात. बाकी गोडगोड लिहिण्यात वेळ घालवू नका.

तिफण

'बाजारात कमी दरात मिळत आहेत' हे वाक्य वाचून पुरवठादाराच्या मनात पहिला प्रश्न येतो, मग तिथून का घेत नाही? खरंच दर आला असेल तरच लिहा.

शब्दमजूर

मी भाषांतराची कामं करतो, मुदत वाढवून मागायची वेळ माझ्यावर नेहमी येते. माझा अनुभव असा की मुदत संपायच्या आधी कळवावं, 'थोडा वेळ द्या' न म्हणता नेमकी नवी तारीख द्यावी, आणि जेवढं तयार आहे तेवढं लगेच पाठवून द्यावं. अर्धं काम हातात पडलं की समोरचा शांत होतो. कारण एका ओळीत पुरे. तब्येतीचा इतिहास लिहू नये.

तिफण

शब्दमजूर, तुम्ही माल देणाऱ्याच्या बाजूने बोलताय. अबोलीताईंना पैसे द्यायची मुदत वाढवून हवी आहे.

शब्दमजूर

अरे हो, मी उलटं वाचलं. तरी नेमकी तारीख आणि थोडा भाग आधी, हे पैशांनाही लागू पडेल असं वाटतं.

जुनाखरेदीदार

लागू पडतं, पण एखादं बिल अडलं असेल तेव्हा. कायमची मुदत बदलून मागणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याकडे नंतर येतो.

अबोलीताई, खरेदी विभागात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. मसुदा कठोर वाटतो त्याचं कारण शब्दांत नाही. त्यात तीन मागण्या एका दमात आहेत, तिन्ही टोकाच्या आहेत आणि बदल्यात देऊ केलेलं काहीच नाही. वाचणाऱ्याला 'नाही' म्हणण्यावाचून जागा उरत नाही. 'कृपया' दहादा घातलं तरी हे बदलणार नाही.

आधी स्वतःसाठी हिशोब करा, की कोणत्या मागणीची किंमत किती. तीन गोष्टी मागता येतात: वाढ कमी करणं, वाढ उशिरा लागू करणं आणि पैशांची मुदत वाढवणं. तिन्ही वर्षभराच्या खरेदीवर मोजा. 9 ऐवजी 6 टक्के वाढ मिळाली तर जुन्या दराने मोजलेल्या वर्षाच्या खरेदीचे 3 टक्के वाचतात. 9 टक्केच, पण एक महिना उशिरा लागू झाली तर एका महिन्याचे 9 टक्के वाचतात, म्हणजे वर्षाचे पाऊण टक्का. मुदत 15 दिवसांनी वाढली आणि पैशाचा खर्च वर्षाला 12 टक्के धरला तर प्रत्येक बिलावर साधारण अर्धा टक्का.

आता समोरून बघा. एक महिना उशिरा लागू करणं हा त्याच्यासाठी एकदाच होणारा खर्च आहे, दर कमी करणं कायमचा. म्हणून पहिली मागणी सोपी ठेवा: ज्या ऑर्डर आधीच दिल्या आहेत आणि त्यांनी स्वीकारल्या आहेत, त्या जुन्या दराने निघाव्यात. यात भांडण होतच नाही सहसा, कारण ते रास्त आहे हे त्यालाही माहीत असतं. पत्रात 'पुढच्या 1 तारखेपासून' म्हणजे ऑर्डरच्या तारखेने की बिलाच्या, हे लिहिलंय का?

अबोली

नाही, नुसतं '1 तारखेपासून' आहे. आमच्या दोन ऑर्डर त्यांच्याकडे पडून आहेत, माल पुढच्या महिन्यात निघेल. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

जुनाखरेदीदार

मग मेलची सुरुवात तिथून करा.

रोखठोक

अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या मागे लागून 9 टक्के मान्य करायचे? मूळ वाढीचं काय?

पन्हळी

मी स्वतः खोकी बनवतो, म्हणजे अशी पत्रं लिहिणाऱ्या बाजूचा. दोन गोष्टी सांगतो.

एक, खोक्याच्या खर्चात सगळ्यात मोठा भाग कागद. माझ्याकडे तो ढोबळ 60 टक्के असतो, मापावर आणि छपाईवर बदलतो. कागद 10 टक्के महागला तर खोकं 10 टक्क्यांनी महाग व्हायचं कारण नाही, 6 टक्क्यांनी होईल. बाकी वाढ वीज, वाहतूक, मजुरी यातून आली असेल तर ती वेगळी सांगता यायला हवी. म्हणून मला कुणी नम्रपणे विचारलं, 'वाढीत कागदाचा वाटा किती आणि इतर खर्चाचा किती', तर मी उत्तर देतो. पण 'तुमचा कागद 60 टक्केच आहे, मग 9 कसे?' असं कुणी लिहिलं तर मला राग येतो. माझं खातं मला शिकवू नका. विचारा आणि थांबा.

दुसरी गोष्ट, दर खाली आणायची खरी जागा ऑर्डरच्या पद्धतीत आहे. प्रत्येक मापासाठी मशीन लावायला वेळ जातो, सुरुवातीचे काही ताव वाया जातात. 500 खोक्यांची ऑर्डर चार वेळा देणारा आणि 2000 ची एकदा देणारा, दोघांना एक दर देणं मला अवघड जातं. अबोलीताई, तुम्ही किती मापं घेता आणि किती वेळा?

अबोली

पाच मापं. दर आठवड्याला थोडी थोडी, कारण ठेवायला जागा कमी आहे.

पन्हळी

मग दोन विचारा. महिन्याची ऑर्डर एकदम द्या, माल दोन-तीन खेपांत उचला. मी एकदम बनवेन आणि माझ्याकडे ठेवेन. फक्त 'अमुक तारखेपर्यंत सगळा उचलू' हे लिहून द्या, नाहीतर माझं गोदाम तुमचं गोदाम होतं. आणि पाचातली दोन मापं जवळजवळ सारखी असतील तर एक करता येतं का बघा. कधी कधी खोक्याची उंची 8-10 मिलिमीटर कमी केली की कागदाच्या रुंदीत एक जास्तीचं बसतं आणि कातरण वाचते. हे बाहेरून कळत नाही. पुरवठादारालाच विचारायचं, 'मापात थोडा बदल केला तर तुमचा कागद वाचेल का?' हा प्रश्न मला फार थोड्या ग्राहकांनी विचारलाय आणि ज्यांनी विचारला त्यांना मी मनापासून दर काढून दिला.

काजवा

आमच्याकडे उलट आहे, रोख रक्कम हाताशी असते. आम्ही 30 दिवसांऐवजी 10 व्या दिवशी पैसे देऊ करतो आणि 1 टक्का सूट मागतो. बहुतेक जण हो म्हणतात.

जुनाखरेदीदार

काजवा, हा सौदा तुमच्या फायद्याचा आहे. 20 दिवस आधी देऊन 1 टक्का म्हणजे वर्षाला 18 टक्क्यांच्या आसपास व्याज. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने जरूर करावं. अबोलीताईंना मुदत वाढवून हवी आहे, म्हणजे त्यांची गरज बरोबर उलटी दिसते.

रोखठोक

माझ्या दुसऱ्या कोटेशनबद्दल कुणी बोललंच नाही.

जुनाखरेदीदार

बोलतो. दुसरा दर मागवणं चूक नाही, आपल्याला बाजार कळायला तो हवाच. पण तो कागद मेलला जोडणं मला पटत नाही. ज्याने तो दिला त्याने तुमच्यावर विश्वास ठेवून दिला. शिवाय आज त्याचा दर याला दाखवलात, तर उद्या माझा दर कुणाला दाखवाल हे याला कळतं. आणि तुलना बरोबरीची हवी. कागदाचा जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरचं वजन, तोच का, वाहतूक धरली आहे का, पैशांची मुदत तीच का, किमान ऑर्डर किती. यातलं एक वेगळं असेल तर पुरवठादार तेवढंच दाखवून तुमचा मुद्दा पाडतो.

लिहायचंच असेल तर एवढं पुरे: 'आम्ही इतर दरही पाहत आहोत, पण आपल्यासोबतच काम चालू ठेवायची इच्छा आहे.' खरं असेल तरच.

रोखठोक

मी हे वर्षानुवर्षं करतोय, कुणी रागावलेलं नाही.

पन्हळी

रागावत नाहीत, दर वाढवून ठेवतात. ज्या ग्राहकाकडून दर वेळी दुसऱ्याचा कागद येतो, त्याला मी पहिलाच दर 3 टक्के चढवून देतो. मग तो 3 टक्के उतरवतो आणि दोघे खूश.

रोखठोक

हे मात्र विचार करण्यासारखं आहे.

हिरवळ

मेल कुणाला पाठवायचा यावर कुणी बोललं नाही. आमच्या कार्यालयात एका सहकाऱ्याने दर कमी मागताना पुरवठादाराच्या मालकाला सीसीत ठेवलं. ज्याच्याशी रोजचं काम, त्या माणसाला ते वरच्याकडे तक्रार केल्यासारखं वाटलं. नंतर साध्या चौकशीचं उत्तरही दोन-दोन दिवस येईना. पत्रावर ज्याची सही आहे त्यालाच लिहावं.

तिफण

+1. आणि 'आजच कळवावे' काढा. त्यांनी 9 टक्के ठरवायला कदाचित महिना घेतला असेल, आपण उत्तर आज मागतो.

अबोली

सगळ्यांचे आभार. सुधारलेला मसुदा देते. विषयात त्यांच्या पत्राची तारीख घातली आहे.

> नमस्कार,
> आपले दरवाढीचे पत्र मिळाले. कागदाचे दर वाढत आहेत याची कल्पना आहे. आजवर आपला माल ठरल्या दिवशी येत आला, त्यामुळे आमचे काम कधी थांबले नाही, हे आवर्जून नोंदवते.
>
> आपल्याकडे आमच्या दोन ऑर्डर आधीच स्वीकारलेल्या आहेत. त्या जुन्या दराने निघतील असे धरावे का?
>
> नव्या दराबाबत, 9 टक्क्यांत कागदाचा वाटा किती आणि इतर खर्चाचा किती, हे कळले तर मला आमच्याकडे मांडणे सोपे जाईल. आमच्या बाजूने आम्ही दर आठवड्याऐवजी महिन्याची ऑर्डर एकदम देऊ शकतो आणि माल तीन खेपांत, त्याच महिन्यात उचलू शकतो. पाच मापांची चार करणेही शक्य दिसते. या बदलांसह वाढ 5 टक्क्यांपर्यंत ठेवता येईल का? पूर्ण शक्य नसेल तर कितपत शक्य आहे तेही कळवावे.
>
> येत्या गुरुवारपर्यंत उत्तर मिळाले तर पुढच्या महिन्याची ऑर्डर वेळेत काढता येईल.

मुदतीचं अजून घातलं नाही. घालू का?

जुनाखरेदीदार

छान झालं आहे. गुरुवारला कारण जोडलंत हे चांगलं केलंत, नाहीतर नुसती तारीख धमकी वाटते. 5 चा आकडा नेमका आहे आणि त्यामागे तुमचं देणं आहे, म्हणून तो पोकळ वाटत नाही.

मुदत या मेलमध्ये नको. दर आणि मुदत एकत्र मागितले की समोरचा दोन्हीतलं जे स्वतःला स्वस्त तेवढं देतो आणि 'दिलं की' म्हणतो. आधी दर ठरू द्या.

हिरवळ

मला हे पटत नाही. दर ठरल्यावर आठवड्याने मुदत मागितली तर 'आता आणखी काय' असं वाटणारच. ते जास्त अप्रामाणिक दिसतं. दोन्ही एकदाच सांगावं आणि पर्याय द्यावा: दर 5 टक्के वाढीवर आणि मुदत 30 दिवस, किंवा वाढ 7 टक्के आणि मुदत 45 दिवस. निवड त्यांची.

पन्हळी

पुरवठादार म्हणून मी हिरवळ यांच्या बाजूने. निवड दिली तर मी बसून हिशोब करतो. फक्त एक लक्षात घ्या, मुदतीचा हिशोब व्याजावर संपत नाही. वर कुणी 15 दिवस म्हणजे अर्धा टक्का म्हटलं, ते गणित बरोबर आहे. पण मला कागदाच्या गिरणीला लवकर पैसे द्यावे लागतात. माझी बँकेची मर्यादा भरलेली असेल तर तुम्ही 1 टक्का देऊ केलात तरी मी 15 दिवस देऊ शकत नाही, कारण तेवढे पैसेच नसतात. अशा वेळी 'नाही' आलं तर ते नाहीच समजा. आणि 30 दिवस कधीपासून मोजता, बिलाच्या तारखेपासून की माल पोचल्यापासून? तेवढं स्पष्ट केलं तरी काही दिवस इकडचे तिकडे होतात आणि कुणाला मागावं लागत नाही.

जुनाखरेदीदार

दोन पर्यायांचा मार्ग चांगला आहे, मान्य. माझी धास्ती एवढीच की दोन्ही आपल्याला खरंच चालणारे हवेत. नाहीतर त्यांनी नावडता निवडला की आपण मागे फिरतो आणि सगळा मेल खोटा ठरतो.

अबोली

मला दोन्ही चालतात, पण खरं सांगायचं तर मुदत 'मिळाली तर बरं' इतपतच आहे. तेव्हा दराचाच मेल पाठवते.

काजवा

उत्तर काय आलं ते इथे लिहा नक्की.

अबोली

गुरुवारी उत्तर आलं नाही. शुक्रवारी त्याच मेलच्या उत्तरात दोन ओळी लिहिल्या, 'पुढच्या महिन्याची ऑर्डर सोमवारी काढायची आहे, तोवर काही अडचण असेल तर फोनवर बोलू का?' एवढंच. दुपारी त्यांचाच फोन आला.

दोन्ही जुन्या ऑर्डर जुन्या दराने. वाढीचं त्यांनी सांगितलं की 6 टक्के कागदामुळे, उरलेली वाहतूक आणि वीज मिळून. महिन्याची ऑर्डर एकदम आली तर 6 वर यायला तयार आहेत. मापाबद्दल विचारलं तर म्हणाले, सगळ्यात मोठ्या खोक्याची उंची थोडी कमी केली तर त्या एका मापावर आणखी कमी करता येईल, नमुना बनवून पाठवतात. मी लगेच मेल केला, 'आज फोनवर ठरल्याप्रमाणे' म्हणून दर, लागू तारीख, खेपा सगळं लिहून, आणि 'यात काही वेगळं असेल तर कळवावे' जोडून. 'बरोबर आहे' असं उत्तर आलं.

आता एक शंका. दर खाली आणल्यावर मालात फरक करतील का? संशय घ्यायचा नाही, पण कळावं कसं?

पन्हळी

संशय न घेता तपासता येतं. जुन्या मालातली काही खोकी ठेवून द्या, नवी आली की दोन्ही शेजारी एक दिवस एकाच खोलीत ठेवून वजन करा. कागद ओल धरतो, म्हणून एकाच हवेतली दोन्ही हवीत. किंवा 10 सेंटिमीटर बाय 10 सेंटिमीटरचा चौकोन कापून वजन करा. जितके ग्रॅम, गुणिले 100, तेवढं पाचही पदरांचं मिळून दर चौरस मीटरला वजन. थोडाफार फरक चालतो, पण दर खेपेला उतरत गेलं तर विचारा. आणि पुढच्या ऑर्डरवर जीएसएम लिहा, म्हणजे विचारायला आधार राहतो.

रोखठोक

चांगलं निभावलंत. मी असतो तर 5 वर अडून राहिलो असतो.

हिरवळ

आणि कागद उतरला तर? दर वाढताना पत्र येतं, उतरताना कुणी लिहीत नाही.

अबोली

हेच विचारणार होते. 'तीन महिन्यांनी दराचा आढावा' असं लिहावं का?

जुनाखरेदीदार

लिहा, पण दोन्ही बाजूंनी. 'कागदाचा दर 5 टक्क्यांहून अधिक वर किंवा खाली गेला तर दोघांपैकी कुणीही आढावा मागू शकेल.' फक्त खाली जाण्याबद्दल लिहिलंत तर ते मान्य करणार नाहीत.

पन्हळी

आणि कोणत्या कागदाचा, कुणाचा दर धरायचा हेही लिहा. गिरणी जो दर देते तो आणि बाजारात छापून येतो तो, यात फरक असतो. मी माझ्या ग्राहकांशी गिरणीच्या बिलावर बोलतो, पण बिल दाखवायला सगळे तयार नसतात. तुमचे पुरवठादार तयार आहेत का ते आधी विचारून घ्या.

अबोली

सोमवारी ऑर्डरसोबत विचारते.